‘माझ्याकडे ग्राहक तयार आहे’ हे वाक्य आधी खोडा

ताई, मी दीड वर्षापासून घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करतो. एका बारा मजली इमारतीत, मजल्याला सहा असे ७२ फ्लॅट आहेत. तिथला आठव्या मजल्यावरचा एक फ्लॅट मी नुकताच विकून दिला. ११ आठवडे लागले आणि मागितलेल्या किमतीपेक्षा ६ टक्के कमीला सौदा ठरला. आता बाकीच्या मालकांना पत्र पाठवून त्याच इमारतीतली आणखी घरं विक्रीसाठी मिळवायची आहेत. मसुदा असा: ‘आम्ही या भागातले विश्वासू आणि अनुभवी एजंट आहोत. तुमच्या घराला सर्वोत्तम भाव मिळवून देऊ. माझ्याकडे ग्राहक तयार आहे. आजच संपर्क साधा.’ इमारतीच्या कार्यालयातले एक गृहस्थ सगळ्या मालकांचे मोबाईल नंबर द्यायला तयार आहेत. पत्र पाठवू, की सरळ फोनच करू?
– नवा एजंट

पत्रच पाठवा, आणि ते नंबर घेऊ नका. मालकांनी ते इमारतीच्या कामासाठी दिलेत, तुमच्यासाठी नाहीत. त्यांच्या परवानगीशिवाय ते धंद्यासाठी वापरणं बऱ्याच देशांत कायद्यानेच चालत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी फोन उचलल्यावर मालक पहिला प्रश्न विचारेल, ‘माझा नंबर कुठून मिळाला?’ या प्रश्नाला तुमच्याकडे सांगण्यासारखं उत्तर नाही. तुम्ही चाचरलात की ती गोष्ट संध्याकाळपर्यंत लिफ्टमधून सगळ्या मजल्यांवर पोचते, आणि नंबर देणारे गृहस्थही अडचणीत येतात.

आता पत्राकडून काय अपेक्षा ठेवायची ते आधी ठरवून घ्या. समजा, अशा इमारतीत वर्षाला वीसातलं एक घर विकलं जातं. म्हणजे ७२ मध्ये तीन-चार. तुमचं पत्र पोचेल त्या दिवशी विकायचा विचार डोक्यात असलेला मालक एखादा असेल, कदाचित एकही नसेल. बाकी सगळे ते पत्र उघडून, बघून, बाजूला टाकणार. म्हणून पत्र लिहायचं ते पुढच्या वर्षभरात ज्यांच्यावर घर विकायची वेळ येईल त्या तीन-चार जणांसाठी, आणि ते कोण हे आज त्यांनाही माहीत नसतं. बदली होते, मुलं लांब जातात, वारसांत वाटणी होते, मग घर विकायला निघतं. त्या वेळी तुमचं नाव आठवायचं असेल तर पत्रात ठेवून घ्यावंसं काहीतरी हवं. ‘आजच संपर्क साधा’ हे कुणी ठेवून घेत नाही.

तुमच्या मसुद्याची एक परीक्षा घ्या. ते पत्र जसंच्या तसं शेजारच्या इमारतीत टाकता येईल का? एक शब्दही न बदलता येईल. तिथेच ते फसलं. ‘विश्वासू’ आणि ‘अनुभवी’ हे तुम्ही स्वतःबद्दल म्हणताय, त्याला वजन नाही. ‘सर्वोत्तम भाव’ तर त्याच टपालपेटीत पडलेल्या दुसऱ्या दोन पत्रकांवरही असेल.

आणि ‘माझ्याकडे ग्राहक तयार आहे’. या वाक्यावर मालकांचा विश्वास उडून जमाना झाला. घर हाती यावं म्हणून नसलेला ग्राहक उभा करायची ही जुनी खोड आहे. मालक करारावर सही करतो आणि तो ‘तयार’ ग्राहक नेमका त्याच आठवड्यात दुसरीकडे घर घेऊन मोकळा झालेला असतो. अनेक ठिकाणी ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते आणि परवान्यावर गदा येऊ शकते. गंमत अशी की तुमच्याकडे खरे ग्राहक बहुधा आहेत, फक्त तुम्ही त्यांच्याकडे वळून पाहिलेलं नाही. आठव्या मजल्याचं घर बघायला जे आले आणि ज्यांना ते मिळालं नाही, तेच ते. त्यांना ही इमारत पसंत आहे, जिना आणि लिफ्ट त्यांनी पाहिलीय, भाव त्यांना ठाऊक आहे. त्या सगळ्यांना एकेक फोन करा. अजून शोधताय का, कुठल्या मजल्यापर्यंत चालेल, कधीपर्यंत घर हवंय, आणि कर्ज काढणार असाल तर ते मंजूर झालंय का, एवढं विचारा. ‘तुमचं नाव न सांगता इथल्या मालकांना तुमची गरज कळवू का?’ हेही विचारा. होकार देतील तेवढेच तुमच्या पत्रात येतील, मग ते दोन असोत वा एक. एकही नसेल तर ग्राहकाबद्दल चकार शब्द लिहू नका. आणि असतील तर वाक्याला तारीख घाला, कारण खरा ग्राहकसुद्धा दोन महिन्यांत शिळा होतो.

पत्राचं दुसरं मोल त्या ११ आठवड्यांत आहे. घर बघायला आलेले लोक काय विचारत होते ते तुमच्या वहीत असेलच. नसेल तर आठवून लिहून काढा. माझ्या पाहण्यात असं येतं की एकाच इमारतीत येणारे लोक तेच तेच दोन-तीन प्रश्न विचारतात आणि ते मालकांच्या कधी कानावरही जात नाहीत. गाडीची जागा घराबरोबर मिळणार की वेगळी? पुढच्या वर्षी बाहेरून मोठी दुरुस्ती निघणार आहे का, आणि तिचा खर्च विकणाऱ्याच्या अंगावर की घेणाऱ्याच्या? उत्तर देणारा कागद हाताशी नसला की ग्राहक ‘कळवतो’ म्हणून जातो आणि परत येत नाही. ही माहिती विकायचं नसलेल्या मालकालाही हवी असते. ती इमारतीची आहे, आणि ती फक्त तुमच्याकडे आहे.

किमतीचं मात्र सांभाळून. ‘आठवा मजला’ म्हटलं की घर कुणाचं ते सगळ्यांना कळतं, नाव न लिहिताही. तुमच्या देशात खरेदीची किंमत सार्वजनिक नोंदीत दिसत असेल तर ती लिहायला हरकत नाही, पण नोंदीत आहे तेवढीच. दिसत नसेल तर विकणारा आणि घेणारा दोघांची लेखी परवानगी घ्या. नाही मिळाली तर आकडा सोडून द्या. ‘मागणीपेक्षा ६ टक्के कमी’ हाही आकडाच झाला, कारण मागितलेली किंमत जाहिरातीत सगळ्यांनी पाहिलेली आहे.

परवानगी मिळाली तर ते ६ टक्के लपवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मागितलेली किंमत १०० धरा. समजा, पहिले तीन आठवडे लोक आले, पाहून गेले, कुणी बोलणी केली नाहीत. मग किंमत ९६ वर आणली, त्यानंतर दोघांनी भाव सांगितला आणि ९४ ला ठरलं. यातून वाचणाऱ्या मालकाला कळतं की १०० हा आकडा बाजाराने नाकारला होता. दुसरा एजंट त्याला उद्या ११० चं स्वप्न दाखवेल तेव्हा तुमचं पत्र त्याला आठवेल. फक्त तुमच्या वहीतला क्रम खरा असेल तोच लिहा, आणि जुन्या मालकाची चूक निघेल अशा शब्दांत नको.

साधारण असं पत्र जमेल. आकडे आणि तपशील तुमचे घाला.

‘नमस्कार,
या इमारतीतल्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटची विक्री अलीकडेच माझ्यामार्फत झाली. विकणारे आणि घेणारे दोघांच्या संमतीने एवढं सांगू शकतो की व्यवहार ठरायला ११ आठवडे लागले आणि तो मूळ मागणीपेक्षा ६ टक्के कमी किमतीला झाला. पहिल्या तीन आठवड्यांत कुणी भाव सांगितला नाही, किंमत कमी केल्यावर दोन मागण्या आल्या.
घर बघायला आलेल्या बहुतेकांनी दोन गोष्टी विचारल्या: गाडीची जागा घराच्या कागदपत्रांत नोंदलेली आहे का, आणि मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळी वर्गणी ठरली आहे का. तुम्हाला आज घर विकायचं नसलं तरी हे दोन कागद काढून ठेवलेले बरे.
ते घर ज्यांना मिळालं नाही त्यांपैकी दोन कुटुंबं आजच्या तारखेला याच इमारतीत शोधत आहेत. एकांना आजी-आजोबांमुळे चौथ्या मजल्यापर्यंतच हवं आहे. दुसऱ्यांना मजला कुठलाही चालेल, पण शाळा सुरू व्हायच्या आत राहायला यायचं आहे.
तुमच्या घराची आजची किंमत साधारण काय येईल हे जाणून घ्यायचं असेल तर मी अर्ध्या तासात घर पाहून, कशावरून काढली त्या कारणांसह लेखी देईन. त्याचे पैसे नाहीत आणि घर मलाच द्यावं असं बंधन नाही.
तुमचं घर आधीच दुसऱ्या एजंटकडे विक्रीला दिलेलं असेल तर हे पत्र तुमच्यासाठी नाही. पुन्हा पत्र नको असेल तर खालच्या नंबरवर फ्लॅट क्रमांक कळवा, पाठवणार नाही.’

खाली तुमचं पूर्ण नाव, एकच फोन नंबर, कार्यालयाचा पत्ता, परवाना लागत असेल तिथे परवाना क्रमांक, आणि तारीख. एका पानात बसतं. तुमचा हसरा फोटो आणि मिळालेले चषक यांना जागा उरत नाही, तेही चांगलंच झालं. पत्रात दलालीचा दर घालू नका. कमी दराचं आमिष एकदा ७२ दारांत गेलं की इमारतीतला प्रत्येक मालक तिथूनच खाली घासाघीस सुरू करतो. दर, तो कधी द्यायचा आणि त्यात काय काय येतं हे घर पाहायला जाल तेव्हा लेखी द्या.

पत्रातलं दुसऱ्या एजंटबद्दलचं ते वाक्य सभ्यपणापुरतं नाही. मालकाने एखाद्या एजंटशी ‘ठरावीक मुदतीत फक्त तुम्हीच’ असा करार केलेला असला आणि घर तुमच्याकडून विकलं गेलं, तर त्याला दोन्हीकडे दलाली भरावी लागू शकते. म्हणून फोन आला की पहिलं हेच विचारा. असा करार असेल तर मुदत संपेपर्यंत थांबा, आणि तो मोडायचा सल्ला तुम्ही देऊ नका.

आता पत्र टाकायचं कसं. टपालपेट्यांत ७२ पाकिटं कोंबून आलात तर एक हमखास घोटाळा होतो. समजा, सातव्या मजल्यावरच्या घरात भाडेकरू राहतात. ते पाकीट उघडतात, ‘तुमच्या घराची किंमत’ वाचतात आणि घाबरतात. त्याच रात्री मालकाला फोन जातो, ‘तुम्ही घर विकताय का? आम्ही दुसरं बघायला लागू का?’ मालकाच्या मनातही नसतं. भाडेकरू बिथरल्याचा राग तो तुमच्यावर काढतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून राहते मालक आणि भाड्याने दिलेली घरं वेगळी करा. पाकीट बंद, वर ‘फ्लॅट क्रमांक अमुक, मालकांसाठी’ असं हाताने लिहिलेलं. भाड्याच्या घरांच्या मालकांचा पत्ता सरकारी नोंदीत पाहता येत असेल आणि तो अशा पत्रासाठी वापरायला मुभा असेल, तर तिथे टपालाने पाठवा. नसेल तर इमारतीच्या कार्यालयाला पाकिटं देऊन ‘मालकांच्या पत्त्यावर पुढे पाठवाल का?’ असं उघडपणे विचारा. त्यांनी पाठवलं तर पत्ता तुमच्या हाती न येता काम होतं. नाही म्हणाले तर तेवढी घरं सध्या सोडा. ती सोडावी लागतात तेव्हा जीव तुटतो, कारण लांब राहणारा मालकच बरेचदा आधी विकतो. टपालपेटीत कागद टाकायला इमारतीची मनाई आहे का, तेही कार्यालयात आधी विचारून घ्या.

उत्तर येईल ते बहुधा किंमत जाणून घेण्यापुरतं. इथे नवे एजंट सगळ्यात जास्त घसरतात. घर हातचं जाऊ नये म्हणून चढा आकडा सांगतात. एकटं घर असतं तर कदाचित खपून गेलं असतं. इथे पाचव्या मजल्यावरचे आणि नवव्या मजल्यावरचे मालक एकाच लिफ्टने खाली जातात. एकाला तुम्ही १०० सांगितलंत आणि तशाच घराला दुसऱ्याकडे १०८, तर दोघांचाही तुमच्यावरचा भरवसा त्या लिफ्टमध्येच संपतो. म्हणून एक आकडा देऊ नका, इतक्यापासून इतक्यापर्यंत असा पट्टा द्या, आणि फरक कशामुळे ते लिहा. आठव्या मजल्याच्या व्यवहारापासून निघा. तिथे जी किंमत आली ती आतल्या वापराच्या क्षेत्रफळाने भागा. मग मजला, खिडकीतून मोकळं दिसतं की समोरची भिंत, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नव्याने केलंय की मूळचंच आहे, गाडीची जागा आहे की नाही, यांसाठी वर-खाली करा. एकाच रांगेतली, म्हणजे एकावर एक असलेली घरं आधी तुलनेला घ्या, कारण त्यांचा आराखडा सारखा असतो. त्याच मजल्यावरचं दुसऱ्या टोकाचं घर दिसायला जवळचं, पण उजेड आणि वारा वेगळा. आणि एकाच व्यवहारावरून पट्टा अरुंद करू नका. तो घेणारा घाईत होता का, हे तुम्हालाच ठाऊक. इमारतीतले किंवा जवळच्या तशाच इमारतीतले आणखी झालेले व्यवहार मिळतील तेवढे बघा. जाहिरातीतल्या मागण्यांवरून भाव काढू नका, त्या मालकांच्या इच्छा असतात.

एखादे वेळी नशीब जोर करतं आणि एकाच रांगेतले दोन मालक एकाच महिन्यात विकायला तयार होतात. हे आनंदाचं वाटतं, पण खरी कसोटी इथे आहे. समजा, तिसऱ्या मजल्याचं घर तुम्ही आधी विक्रीसाठी घेतलं आणि मग सहाव्या मजल्यावरून फोन आला. सहाव्याला सही करण्याआधी सांगा की याच रांगेतलं आणखी एक घर माझ्याकडे आहे, आणि तिसऱ्यालाही तेवढंच कळवा. एकाची कमीत कमी किती किंमत चालेल हे दुसऱ्याला कधीच कळता कामा नये, ग्राहकाला तर नाहीच. दोन्ही घरांच्या जाहिरातींतल्या किमतींत फरक असेल तर तो मजल्याने किंवा अवस्थेने समजावता यायला हवा, नाहीतर ग्राहक महागड्या घराच्या मालकासमोर स्वस्त घराचा आकडा ठेवतो. चौथ्या मजल्यापर्यंतचं घर शोधणारं ते कुटुंब आधी तिसऱ्या मजल्यावर न्यायचं, आणि सहाव्या मजल्याच्या मालकाला त्याचं कारण सांगायचं. त्याला हे पटलं नाही आणि तो दुसऱ्या एजंटकडे गेला तर जाऊ द्या.

पहिल्या पत्राला एकही उत्तर आलं नाही तरी दचकू नका. दर तीन महिन्यांनी एक, असं वर्षभर पाठवा, पण दर वेळी नवीन काही घडलं असेल तरच. इमारतीत आणखी एक व्यवहार झाला, दुरुस्तीची वर्गणी ठरली, एका कुटुंबाला घर मिळालं आणि दुसरं अजून शोधतंय, असं काहीतरी. सांगण्यासारखं नसेल तर तो फेरा चुकवा. एक वही ठेवा: फ्लॅट क्रमांक, पत्र कधी पाठवलं, उत्तर काय आलं, आणि ज्यांनी नको म्हटलं त्यांच्यापुढे ठळक काट. त्या काटेकडे तुमच्या हाताखालचा मुलगाही दुर्लक्ष करणार नाही अशी सोय करा, म्हणजे पाकिटं करताना यादी त्या वहीतूनच काढायची. ‘पाठवू नका’ सांगितलेल्या घरात पुन्हा पत्र गेलं तर मालक ते घेऊन थेट इमारतीच्या कार्यालयात जातो, आणि मग तिथे तुमच्या कुठल्याच पाकिटाला जागा राहत नाही.

त्या दोन कुटुंबांना मात्र पत्र पाठवण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा फोन करा. एखाद्याने मधल्या काळात घर घेतलं असेल तर छापायला देण्याआधी ते वाक्य काढावं लागेल.